पोटातली कळ खांद्यात कशी पोचते

चवथीच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी डिचोलीच्या एक बाई सुनेबरोबर दवाखान्यात आल्या. वय पन्नाशीच्या आसपास, तक्रार उजव्या खांद्याची. "दोन दिवस नेवऱ्या लाटल्या डॉक्टर, त्याचंच हे." सुनेने बाम चोळून झाला होता, शेक देऊन झाला होता. मी हात वर करायला सांगितला, तर तो सहज कानाला लागला. सांधा फिरवून पाहिला, दाबून पाहिला. दुखणं त्याने वाढलं नाही. खोल श्वास घेतला की मात्र त्या कळवळत. खोदून विचारलं तेव्हा म्हणाल्या, "काल रात्री जेवल्यावर पोटात वर गच्च झालं होतं. पण ते पित्तच असणार."

एकाच आजाराची ही दोन दुखणी. त्यांची गल्लत फार होते, म्हणून ती वेगळी करून पाहू.

पोटातलं गच्च होणं ही अवयवाची स्वतःची वेदना, व्हिसरल पेन. ती बोटाने दाखवता येत नाही. माणूस छातीच्या हाडाखाली सगळा तळवा ठेवतो. मळमळतं, घाम फुटतो, कूस बदलली तरी चैन पडत नाही. आतडं किंवा पित्ताशय कापलं तरी दुखत नाही, पण ताणलं, आवळलं, सुजलं किंवा रक्त कमी पडलं की दुखतं. अवयवांतून येणाऱ्या मज्जातंतूंची संख्या त्वचेच्या मानाने अगदी कमी असते, आणि जे असतात ते मज्जारज्जूच्या अनेक पातळ्यांवर पसरतात. त्यामुळे मेंदूला जागा नेमकी कळत नाही. पित्ताशय उजवीकडे असलं तरी सुरुवातीची कळ मध्यावर जाणवते, कारण गर्भात हा भाग मधल्या नळीतून घडतो आणि त्याचे तंतू दोन्ही बाजूंनी मज्जारज्जूत शिरतात.

खांद्याचं दुखणं म्हणजे रेफर्ड पेन: उगम एकीकडे, जाणीव दुसरीकडे. मज्जारज्जूच्या मागच्या भागात असे न्यूरॉन असतात, ज्यांच्यावर अवयवातून आलेला तंतू आणि त्वचा-स्नायूंतून आलेला तंतू दोन्ही येऊन मिळतात. पुढे मेंदूकडे वाट एकच. जन्मभर त्या वाटेने बहुतेक निरोप कातडीचे आणि स्नायूंचे आलेले असतात, म्हणून मेंदू नवा निरोपही त्यांच्याच नावावर टाकतो.

पित्ताशयाच्या बाबतीत अशा वाटा दोन आहेत, आणि मला हा भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. पहिली वाट छातीच्या साधारण सातव्या ते नवव्या पातळीवर शिरते. तिच्यामुळे उजव्या खांद्याच्या फऱ्याखाली, पाठीत दुखतं. दुसरी मानेतून जाते. सुजलेलं पित्ताशय श्वासपटलाच्या खालच्या बाजूला चिडवतं. श्वासपटलाची फ्रेनिक नस मानेच्या तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या पातळीची. खांद्याच्या टोकावरच्या कातडीचे तंतूही तिसऱ्या-चौथ्या पातळीलाच येतात. म्हणून दुखणं फऱ्याखाली नसून खांद्याच्या टोकावर आलं की श्वासपटलापर्यंत काहीतरी पोचलंय, असं मी धरून चालतो.

नुसत्या या संगमाने सगळं उलगडत नाही. दुखणं लांबलं की मज्जारज्जूतले न्यूरॉन जास्त हळवे होतात, आणि निरोगी खांद्याची कातडीही स्पर्शाला दुखरी वाटू लागते. त्यामुळे "दाबल्यावर दुखतं, म्हणजे स्नायूच" हा निष्कर्ष फसवा ठरू शकतो. जेवणाशी, श्वासाशी आणि सांध्याच्या हालचालीशी दुखण्याचा काय संबंध आहे, ते विचारल्यावर जास्त कळतं.

बाईंना आडवं केलं. उजव्या बरगड्यांखाली बोटं ठेवून दीर्घ श्वास घ्यायला सांगितलं. श्वास अर्ध्यात अडकला. ही मर्फीची खूण. आता सूज पोटाच्या आतल्या अस्तराला लागली होती. त्या अस्तराचे तंतू भिंतीच्या त्वचेसारखे नेमके असतात, म्हणून बाई पहिल्यांदाच एका बोटाने जागा दाखवू शकल्या. अंगात ताप होता. साधी पित्तखड्याची कळ काही तासांत ओसरते. ही रात्रीपासून चालू होती.

तरीही आधी ईसीजी काढला. हृदयाच्या खालच्या भिंतीचा झटकासुद्धा पोटाच्या वरच्या भागात "पित्त" म्हणून येतो, आणि त्याची कळ डाव्याच काय, उजव्या खांद्यातही जाते. ईसीजी ठीक निघाला. सोनोग्राफीत पित्ताशयाच्या मानेशी अडकलेला खडा आणि जाड झालेली भिंत दिसली.

दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली. दुसऱ्या दिवशी सुनेचा घाबरलेला फोन आला: पित्ताशय काढलं, तरी खांदा पुन्हा दुखतोय! शस्त्रक्रियेत पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड वायू भरतात. त्याने श्वासपटलाला त्रास होतो आणि थोडा वायू त्याखाली उरतोही. फ्रेनिक नस पुन्हा तोच निरोप तिथेच पोचवते. ताप, धाप किंवा वाढती पोटदुखी नाही ना, एवढं विचारून घेतलं. दोन दिवसांत खांदा आपोआप शांत झाला.