पहिल्या संचालक सभेचे इतिवृत्त

कंपनीची नोंदणी झाल्यावर तिच्या संचालक मंडळाची जी पहिली बैठक होते, तिच्या कामकाजाची अधिकृत लेखी नोंद म्हणजे पहिल्या संचालक सभेचे इतिवृत्त. रोजच्या बोलण्यात त्याला 'फर्स्ट बोर्डची मिनिट्स' म्हणतात. कंपनी कायदा 2013, कलम 173 नुसार ही सभा नोंदणीच्या तारखेपासून 30 दिवसांत व्हावी लागते. कलम 118 नुसार तिचे इतिवृत्त सभा संपल्यापासून 30 दिवसांत, पानांना क्रमांक घातलेल्या वहीत चढवावे लागते. गोव्यातल्या कंपन्यांचे निबंधक कार्यालय पणजीत, पाटो येथे आहे. इतिवृत्त तिथे नेऊन द्यायचे नसते, वही कंपनीकडेच राहते. बाहेर जातात त्या ठरावांच्या साक्षांकित प्रती आणि ठरावांवरून भरलेले अर्ज. म्हणून वहीतले एखादे क्रियापद चुकले तर चूक वर्षभराने, लेखापरीक्षकाला किंवा कर्ज देणाऱ्या बँकेला सापडते.

सर्वाधिक चुकणारे क्रियापद संचालकांच्या बाबतीतले. नमुन्यावरून उतरवलेल्या अनेक इतिवृत्तांत 'मंडळाने पहिल्या संचालकांची नियुक्ती केली' असे वाक्य असते. हे उलटे आहे. पहिले संचालक कंपनीच्या नियमावलीत नोंदणीच्या वेळीच नेमलेले असतात. नियमावली गप्प असेल, तर कलम 152 प्रमाणे कंपनीच्या स्थापनापत्रावर भागधारक म्हणून सही करणाऱ्या व्यक्तीच संचालक मानल्या जातात. जे मंडळ त्यांच्यामुळे अस्तित्वात आले, ते त्यांना नेमणार कसे? मंडळ फक्त 'नोंद घेते'. नियुक्ती होते ती सभेत नव्याने घेतलेल्या माणसाची. त्याला अतिरिक्त संचालक म्हणतात, आणि तसा अधिकार नियमावलीने मंडळाला दिलेला असावा लागतो. तो पुढच्या वार्षिक सर्वसाधारण सभेपर्यंतच पदावर राहतो.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. डिचोलीतल्या भाऊ-बहिणीने काजूप्रक्रियेसाठी खासगी कंपनी काढली आणि तिची नोंदणी 3 जून 2024 रोजी झाली. सभेची शेवटची तारीख 3 जुलै. नोटीस किमान सात दिवस आधी हवी, म्हणून त्यांनी ती 12 जूनला पाठवली आणि सभा 21 जूनला सकाळी साडेदहाला भरवली. गणसंख्या दोन, ती पुरी झाली. भाऊ अध्यक्षस्थानी बसला. फोंड्याचा त्यांचा मित्र निमंत्रित म्हणून हजर होता. इतिवृत्तातला मजकूर मराठीत आणला तर असा दिसेल:

'नियमावलीत नावे असलेल्या दोन्ही पहिल्या संचालकांची मंडळाने नोंद घेतली आणि त्यांनी दिलेली हितसंबंधांची प्रकटने वाचून अभिलेखावर घेतली. ठरले की, लेखी संमती व अपात्र नसल्याचे घोषणापत्र मिळाल्याने निमंत्रित गृहस्थांना आजपासून अतिरिक्त संचालक म्हणून नियुक्त करण्यात येत आहे.'

मित्राची संमती DIR-2 या नमुन्यात, सभेच्या आधीची तारीख घालून घेतलेली असावी. संमती 25 जूनची आणि नियुक्ती 21 जूनची असली की नेमणूकच संशयात येते. नियुक्तीचा अर्ज DIR-12 तीस दिवसांत, म्हणजे 21 जुलैपर्यंत जायला हवा.

गोव्यात खरी अडचण नोंदणीकृत कार्यालयाची. नोंदणीच्या अर्जातच पुराव्यासह पत्ता दिला असेल, तर सभेला फक्त नोंद घ्यायची असते. आपल्या भाऊ-बहिणीने मात्र तेव्हा केवळ पत्रव्यवहाराचा पत्ता दिला होता, कारण ज्या घरात कार्यालय करायचे ते आजोबांच्या नावावर, आणि आजोबा हयात नाहीत. आता कार्यालयाचा पत्ता कळवणारा INC-22 अर्ज नोंदणीपासून 30 दिवसांत भरायचा. ठरावापासून नव्हे, हे विसरले जाते. सभा 21 जूनला झाल्यामुळे हातात बाराच दिवस उरले.

या अर्जाला जागामालकाची परवानगी, मालकीचा पुरावा आणि दोन महिन्यांपेक्षा जुने नसलेले वीज किंवा तत्सम बिल लागते. घरपट्टीची पंचायतीची पावती आणि विजेचे बिल, दोन्ही आजोबांच्या नावावर. मग ना हरकत दाखल्यावर सही कोणाची? गोव्यातल्या कौटुंबिक कायद्यात, लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर पती-पत्नीची मालमत्ता समाईक धरली जाते आणि वारशाने आलेलीही सहसा तिच्यात येते. त्यामुळे वडील आणि आत्या वारस असले तरी आई आणि आत्याचे यजमानही वाटेकरी ठरतात. इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांत वाटणीची न्यायालयीन कार्यवाही, झालेली नसेल तर एकट्या वडिलांच्या सहीवर भागवणे म्हणजे भांडणाला आमंत्रण. चौघांच्या सह्या मिळाल्या तरी मृत व्यक्तीच्या नावाचे बिल जोडलेला अर्ज परत येण्याची भीती असतेच.

म्हणून सभेत डिचोली बाजारातला एक गाळा भाड्याने घ्यायचे ठरले. इथे ठरावांचा क्रम बघण्यासारखा आहे. भाडेकरार कंपनीच्या नावे व्हायचा, तर कंपनीतर्फे सही करायला कोणीतरी अधिकृत हवे. तेव्हा आधी बहिणीला करारावर सहीचा अधिकार, मग कार्यालयाचा ठराव, आणि करारावरची तारीख 21 जून किंवा पुढची. नोटरी केलेल्या कराराच्या प्रतीबरोबर महिन्याभरातली भाड्याची पावती जोडायची. पत्त्यात वाड्याचे नाव असेल तर त्याचे रोमन स्पेलिंग करार, बिल आणि ठराव या तिन्हींत एकच ठेवावे. एकाच वाड्याची तीन स्पेलिंगे गोव्यात सहज सापडतात. पुढे कार्यालय डिचोली शहराच्या हद्दीतच हलवले तर मंडळाचा ठराव पुरतो, फोंड्याला न्यायचे झाले तर भागधारकांचा विशेष ठराव लागतो.

बँक खात्याचा ठराव छोटा असतो, पण मोघम चालत नाही. बँकेचे व शाखेचे नाव, सही करणारे कोण, आणि 'कोणीही एक' की 'दोघे मिळून', एवढे त्यात स्पष्ट हवे. 'संचालक खाते चालवतील' एवढेच लिहिलेला ठराव बँक परत पाठवते. या कंपनीने पन्नास हजारांपर्यंत कोणीही एक आणि त्यावर दोघे मिळून असे लिहिले. इतिवृत्तावर सही होईपर्यंत थांबण्याची गरज नसते. ठरावाचा मजकूर सभेपुढे ठेवलेला असेल तर त्याची साक्षांकित प्रत आधीच देता येते, असे कंपनी सचिवांच्या संस्थेचे सचिवीय मानक सांगते. खात्याची घाई खरी वेगळ्याच कारणाने असते. भागधारकांनी कबूल केलेली रक्कम खात्यात जमा झाल्यावरच INC-20A हे घोषणापत्र भरता येते. त्याला 180 दिवस, म्हणजे या उदाहरणात 30 नोव्हेंबर 2024, आणि ते भरेपर्यंत कंपनीला धंदा सुरू करता येत नाही, कर्जही काढता येत नाही. ज्याने शेअर घेतला त्याच्याच खात्यातून पैसे यावेत. बहिणीच्या वाट्याचे पैसे भावाने भरले की बँकेचा उतारा आणि इतिवृत्त जुळत नाहीत.

पहिला लेखापरीक्षक नेमण्याचा ठरावही सहसा याच सभेत होतो, कारण त्यालाही नोंदणीपासून तीसच दिवस असतात.

इतिवृत्ताचा मसुदा सभेनंतर 15 दिवसांत सर्व संचालकांकडे जातो, हरकतींना सात दिवस. मग वहीत चढवून अध्यक्ष प्रत्येक पानावर आद्याक्षरे करतो आणि शेवटच्या पानावर सही, तारीख, ठिकाण घालतो. सभा सुरू झाल्याची आणि संपल्याची वेळही लिहावी लागते. मजकूर आणि सही यांच्यामध्ये कोरी जागा उरली तर तिच्यावर तिरपी रेघ मारतात, म्हणजे मागाहून कोणी ठराव घुसडू शकत नाही.