खेळाडू लिलाव आणि वेतनमर्यादा

अनेक फ्रँचायझी लीगमध्ये खेळाडू जाहीर बोलीने घेतले जातात आणि बोलीसाठी प्रत्येक संघाला सारखीच रक्कम असते. तिला पर्स म्हणतात. मालक कितीही श्रीमंत असला तरी सगळे नामवंत एकाच संघात गोळा होऊ नयेत, हा तिचा हेतू.

महिला प्रीमियर लीगचा पहिला लिलाव १३ फेब्रुवारी २०२३ रोजी मुंबईत झाला. पाच संघ होते, प्रत्येकाची पर्स १२ कोटी आणि संघात किमान १५ खेळाडू हवेत अशी अट. बंगळूरने स्मृती मानधनासाठी ३.४० कोटी मोजले. रिचा घोष, एलिस पेरी आणि रेणुका सिंग धरून चौघींवरच साडेआठ कोटी गेले. उरले साडेतीन कोटी, घ्यायच्या किमान अकरा जणी. बोली जिथून सुरू होते ती मूळ किंमत सर्वांत कमी १० लाख असल्याने शेवटच्या दहा जणींसाठी एक कोटी बाजूला ठेवावाच लागतो. म्हणजे पुढच्या खेळाडूवर जास्तीत जास्त अडीच कोटींची बोली लावता येते. ठाणे, ऐरोली, घणसोलीकडच्या टेनिस बॉल स्पर्धांत पैशांऐवजी पॉइंटवर लिलाव होतात, तिथेही संघमालक वहीत हाच हिशेब मांडून बसलेले असतात. एका नावावर हात सैल सोडला की पुढची चांगली नावे दुसऱ्याकडे जातात. समतोल साधला जातो तो असा.

पण मर्यादेने पैसा सारखा होतो, पारख नाही. मुंबईनेही पहिल्या पाच जणींवर ९.४० कोटी खर्च केले होते. फरक पडला तो स्वस्तातल्या खरेदीने. हेली मॅथ्यूज ४० लाखांना आणि सायका इशाक १० लाखांना, दोघीही मूळ किमतीलाच मिळाल्या. त्या हंगामात मॅथ्यूजने १६ बळी घेतले, सायकाने १५. नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरच्या सलामीच्या सामन्यात मुंबईने गुजरातला ६४ धावांत गुंडाळून १४३ धावांनी हरवले आणि पुढे विजेतेपदही मिळवले. बंगळूर पहिले पाचही सामने हरले. त्यांचा पहिला विजय नेरुळलाच आला. पुढच्याच वर्षी, जवळपास त्याच मुख्य खेळाडूंसह, ते विजेते ठरले. त्यामुळे एका हंगामाच्या गुणतक्त्यावरून लिलाव फसला असे ठरवणे घाईचे होते.

स्वस्तात मिळालेला हिरा जुन्याच किमतीत राखता आला, तर समतोल पुन्हा बिघडतो. मॅथ्यूज २०२५ च्या हंगामापर्यंत ४० लाखांतच खेळली. यावर उपाय म्हणजे ठरावीक वर्षांनी होणारा महालिलाव. त्याआधी मोजकेच खेळाडू राखता येतात, तेही ठरलेल्या दराने. २०२५ च्या अखेरीस झालेल्या महालिलावाआधी मुंबईने पाच जणी राखल्या. मॅथ्यूजसाठी १.७५ कोटी द्यावे लागले आणि १५ कोटींच्या नव्या पर्समधून मुंबईकडे उरले फक्त ५.७५ कोटी.