ई-तिकिटाच्या बिलाची फोड आणि रद्दीकरणानंतरचा परतावा

रेल्वे किंवा विमानाच्या ई-तिकिटावर एकच एकूण रक्कम भरली जात असली, तरी ती एका खात्यात जात नाही. मूळ भाडे वाहतूकदाराचे, जीएसटी सरकारचा, सुविधा शुल्क तिकीट विकणाऱ्या संकेतस्थळाचे. तिकीट रद्द झाल्यावर किती पैसे परत येतील हे प्रत्येक रक्कम कोणाची आहे यावर ठरते. त्यामुळे परताव्याचा हिशेब एकूण रकमेपासून मांडला की तो हमखास चुकतो.

आयआरसीटीसीच्या तिकिटावर भाडे, सुविधा शुल्क आणि प्रवास विमा अशा ओळी वेगळ्या छापलेल्या असतात. पण `Ticket Fare` या एका ओळीत मूळ भाडे, आरक्षण शुल्क, सुपरफास्ट अधिभार आणि कर एकत्र असतात. जीएसटी वातानुकूलित वर्गांवर आणि प्रथम वर्गावर 5 टक्के आहे, स्लीपरवर नाही.

2024 मधील थर्ड एसीच्या दोन प्रवाशांचे उदाहरण घेऊ. मूळ भाडे प्रत्येकी 1015 रुपये मानू. त्यात आरक्षणाचे 40 आणि सुपरफास्टचे 45 मिळून 1100 होतात, आणि जीएसटीचे 55 धरून 1155. दोघांचे 2310. कार्डने पैसे भरल्यास एसी वर्गाचे सुविधा शुल्क 30 रुपये आणि त्यावर 18 टक्के कर, म्हणजे 35.40, हे प्रवाशामागे नसून तिकिटामागे असते. दोघांच्या विम्याचे 90 पैसे धरून खात्यातून 2346.30 रुपये जातात.

नोव्हेंबर 2015 पासून लागू झालेल्या नियमांनुसार, गाडी सुटण्याच्या 48 तासांहून आधी कन्फर्म तिकीट रद्द केल्यास थर्ड एसीला प्रवाशामागे 180 रुपये आणि त्यावरचा कर कापला जाई. म्हणजे प्रत्येकी 189, दोघांचे 378. परत येतात 1932. सुविधा शुल्क आणि विमा परत मिळत नाहीत, म्हणून खरे नुकसान 378 नसून 414.30 आहे. पूर्णांकनामुळे यात एखाद-दोन रुपयांचा फरक पडू शकतो. कार्डावर बँकेने लावलेले व्यवहार शुल्क तर तिकिटावर दिसतच नाही. ते बँकेच्या विवरणपत्रात शोधावे लागते.

48 ते 12 तासांच्या टप्प्यात भाड्याच्या 25 टक्के कपात होई, मात्र 180 पेक्षा कमी नाही. वरच्या उदाहरणात ती 275 आणि कर अशी होते. पण भाडे 720 रुपयांपर्यंत असेल तर 25 टक्के 180 च्या वर जातच नाहीत, म्हणजे थर्ड एसीच्या जवळच्या प्रवासासाठी या दोन टप्प्यांत काहीच फरक नव्हता. कन्फर्म तत्काळ तिकिटाला हे टप्पे लागू नाहीत; त्यावर परतावा नसतो.

सुविधा शुल्क भाड्याचा भाग नाही, म्हणून रेल्वेने स्वतः गाडी रद्द केली तरी भाडे पूर्ण परत येते आणि हे शुल्क येत नाही. प्रवाशाचा काही दोष नसताना हे शुल्क त्याच्यावर राहावे, हे न्याय्य वाटत नाही. नोव्हेंबर 2016 मध्ये नोटाबंदीनंतर आयआरसीटीसीचे सेवा शुल्क थांबवले होते. सप्टेंबर 2019 पासून ते सुविधा शुल्क या नावाने परत आले. ऑक्टोबर 2021 मध्ये रेल्वे मंत्रालयाने या उत्पन्नातला निम्मा वाटा मागितला आणि आयआरसीटीसीचा शेअर कोसळताच दुसऱ्याच दिवशी निर्णय मागे घेतला.

विमानाच्या तिकिटात उलटे घडते. तिथे भाडे बुडाले तरी काही ओळी परत मिळायलाच हव्यात, आणि बरेच प्रवासी नेमके तेच मागायचे सोडून देतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या ऑगस्ट 2016 पासूनच्या नियमांनुसार रद्दीकरण शुल्क मूळ भाडे अधिक इंधन अधिभार यांहून जास्त घेता येत नाही. तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असो किंवा प्रवासी विमानतळावर पोहोचलाच नसो, विमानतळ वापर शुल्क आणि सुरक्षा शुल्क परत करावे लागते.

समजा इकॉनॉमीचे मूळ भाडे 2500, जीएसटी 125, सुरक्षा शुल्क 236, विमानतळ वापर शुल्क 211 आणि सुविधा शुल्क 350 आहे. कंपनीचे रद्दीकरण शुल्क 3500 लिहिलेले असले तरी कपात 2500 वर थांबते. अर्थ मंत्रालयाच्या 2022 च्या परिपत्रकानुसार रद्दीकरण शुल्कावरही मूळ सेवेच्याच दराने कर लागतो, म्हणून 125 रुपये सहसा तिथेच अडकतात. तरी 236 आणि 211 मिळून 447 रुपये प्रवाशाचे आहेत. परतावा शून्य दाखवला गेला, तर बिलावरच्या या दोन ओळींवर बोट ठेवून लेखी फोड मागावी. तिकीट एजंट पोर्टलवरून काढले असेल तर पोर्टलचे स्वतःचे शुल्क याच 447 मधून वळते झाले का, तेही पाहावे. नियमानुसार एजंट हा कंपनीचाच प्रतिनिधी असल्याने परताव्याची जबाबदारी विमान कंपनीवर राहते.