रोजच्या गोळ्या आणि पहिली विमा पॉलिसी (थायरॉईड व कोलेस्टेरॉल)

आरोग्य विमा किंवा टर्म पॉलिसी पहिल्यांदाच घेणारा माणूस थायरॉईडची किंवा कोलेस्टेरॉलची गोळी रोज घेत असेल, तर विमा कंपनीचा अंडररायटर त्या गोळीचा काय अर्थ लावतो, याविषयीची ही नोंद. प्रस्ताव अर्ज, रक्ताचे रिपोर्ट आणि डॉक्टरांचे कागद वाचून विमा द्यायचा का, कोणत्या अटीवर आणि किती हप्त्याला, हे अंडररायटर ठरवतो. गोळीच्या नावावर तो थांबत नाही. ती कशामुळे सुरू झाली, मात्रा किती आहे, शेवटची कधी बदलली आणि चिठ्ठीवर तिच्यासोबत आणखी काय लिहिले आहे, हे तो पाहतो.

थायरॉईडसाठी सर्रास दिली जाणारी गोळी लेव्होथायरॉक्सिनची. ती 25, 50, 75, 100 मायक्रोग्रॅम अशा मात्रांत मिळते. ग्रंथी हळूहळू मंदावल्यामुळे ती सुरू झालेली असेल आणि टीएसएच, म्हणजे थायरॉईडची स्थिती दाखवणारा रक्तातला आकडा, मर्यादेत असेल, तर टर्म पॉलिसी बहुधा नेहमीच्याच हप्त्यात मिळते. मात्र हीच गोळी कर्करोगामुळे ग्रंथी काढून टाकलेल्या रुग्णालाही आयुष्यभर घ्यावी लागते, आणि अतिकार्यक्षम ग्रंथीवर किरणोत्सारी आयोडीनचे उपचार झालेल्यालाही. म्हणून अर्जात नुसते ‘थायरॉईड आहे’ लिहिले की उलट प्रश्न येतो: गळ्याचे ऑपरेशन झाले आहे का, गाठ होती का, बायॉप्सीचा रिपोर्ट कुठे आहे? चिठ्ठीवर कार्बिमाझोल असेल तर प्रकरण वेगळेच, कारण ते वाढलेल्या थायरॉईडचे औषध आहे आणि त्या आजारात हृदयाचे ठोके अनियमित होण्याची शक्यता तपासावी लागते.

मात्रा नुकतीच बदललेली असणे ही आणखी एक अडचण. डोस बदलल्यावर टीएसएच स्थिरावायला सहा ते आठ आठवडे लागतात. महिन्याभरापूर्वी 50 ची गोळी 75 झाली असेल, तर आजच्या आकड्यावरून काही ठरत नाही. अशा वेळी अंडररायटर प्रस्ताव पुढे ढकलतो. हा नकार नसतो, पण अर्जदार तो तसा समजून दुसऱ्या कंपनीकडे जातो आणि तिथल्या अर्जात ‘याआधी प्रस्ताव पुढे ढकलला गेला आहे का’ या प्रश्नाला ‘नाही’ लिहून नवी अडचण ओढवून घेतो.

कोलेस्टेरॉलच्या गोळीत, म्हणजे स्टॅटिनमध्ये, मात्रा जास्त बोलते. ॲटॉर्व्हास्टॅटिन 10 किंवा 20 मिलिग्रॅम ही मध्यम मात्रा. 40 किंवा 80 तीव्र समजली जाते. तीव्र मात्रा दिसली की हृदयाला आधीच काही झाले आहे का, अशी शंका येते. सोबत ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल ही रक्ताची गुठळी रोखणारी औषधे असतील तर स्टेंट बसवल्याची किंवा झटका येऊन गेल्याची शक्यता गृहीत धरून जुनी फाईल मागवली जाते. या उलट, मधुमेहींना कोलेस्टेरॉल फारसे वाढलेले नसतानाही खबरदारी म्हणून स्टॅटिन देतात. तिथे अंडररायटरचे लक्ष साखरेकडे जाते. थायरॉईड आणि कोलेस्टेरॉल एकमेकांशी जोडलेलेही असतात: उपचार न घेतलेल्या मंद थायरॉईडमुळे एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, वाढते आणि थायरॉईड आटोक्यात आल्यावर ते पुष्कळदा उतरते.

सांगली जिल्ह्यातले एक नमुन्याचे उदाहरण घेऊ. तासगावचे 44 वर्षांचे द्राक्ष बागायतदार आणि त्यांची 39 वर्षांची पत्नी प्रथमच विमा घेत आहेत. पत्नी सहा वर्षे 75 मायक्रोग्रॅमची गोळी घेतात. तपासणी तेव्हा मिरजेला झाली. त्यानंतर रिकामी स्ट्रिप दाखवून गावातल्या मेडिकलमधून औषध येत राहिले. आजार किरकोळ, पण सहा वर्षांत डॉक्टरांचा एकही कागद नाही, आणि अंडररायटर अडतो तो इथे. उपाय सोपा आहे. ताजी टीएसएच तपासणी करायची आणि निदान, सुरुवातीचे वर्ष, सध्याची मात्रा व ऑपरेशन झालेले नाही, एवढे डॉक्टरांकडून लिहून घ्यायचे. टीएसएच 2.8 आले तर प्रश्न बहुधा मिटतो.

पती दोन वर्षे ॲटॉर्व्हास्टॅटिन 20 घेतात. एलडीएल 168 वरून 92 वर आले आहे. ‘रिपोर्ट नॉर्मल आहे, मग आजार कुठला?’ हा त्यांचा प्रश्न रास्त वाटतो, पण 92 हा गोळी चालू असतानाचा आकडा आहे. अंडररायटर तो ‘आटोक्यातला आजार’ म्हणून वाचतो. त्यांच्या वडिलांना 51 व्या वर्षी झटका आला होता. कमी वयात वडिलांना हृदयविकार आणि स्वतःचे कोलेस्टेरॉल, या दोन गोष्टी एकत्र आल्यामुळे टर्म पॉलिसीसाठी ईसीजीबरोबर ट्रेडमिल चाचणी मागितली जाऊ शकते. तंबाखू नाही, रक्तदाब आणि साखर ठीक, ही त्यांची जमेची बाजू.

आरोग्य विम्यात हिशेब निराळा. 2024 च्या नियमांनुसार, पॉलिसी सुरू होण्याआधीच्या 36 महिन्यांत निदान झालेला, किंवा ज्यावर डॉक्टरांचा सल्ला वा उपचार घेतला तो आजार ‘पूर्वीपासूनचा’ ठरतो. निदान दहा वर्षांपूर्वीचे असले तरी डॉक्टरांनी दिलेला उपचार चालू असल्याने तो या व्याख्येत येतो. अशा आजारासाठी आणि त्याच्या थेट गुंतागुंतीसाठी कंपनी जास्तीत जास्त 36 महिन्यांचा प्रतीक्षा कालावधी ठेवू शकते, म्हणजे तोवर त्यावरच्या उपचाराचा दावा मिळत नाही. पत्नीच्या बाबतीत याचा फटका नगण्य, कारण रोजच्या गोळीचा खर्च साध्या पॉलिसीत तसाही मिळत नाही. पतीला मात्र दुसऱ्या वर्षी झटका आला, तर तो कोलेस्टेरॉलची थेट गुंतागुंत आहे का, यावर वाद उभा राहू शकतो. म्हणून प्रतीक्षा कमी करणारी जोड जादा हप्त्यात मिळत असेल, तर ती त्यांनी घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘थायरॉईड लिहू नका, उगाच फाईल अडकेल,’ असे सांगणारे एजंट भेटतात. फॉर्म त्यांनी भरला तरी सही अर्जदाराची असते. नंतर दवाखान्यातल्या केस पेपरवर ‘थायरॉईड सहा वर्षे’ असे डॉक्टर लिहून घेतात आणि लपवलेले तिथेच उघड होते. प्रतीक्षा संपल्यानंतरचे संरक्षणही अर्जात सांगितलेल्या आणि कंपनीने स्वीकारलेल्या आजारालाच मिळते. काही जण विम्याच्या वैद्यकीय तपासणीआधी गोळ्या बंद ठेवतात. त्याने एलडीएल आणि टीएसएच दोन्ही वर चढतात, म्हणजे नुकसान दुहेरी.

न्यायालयाने या बाबतीत अर्जदाराची बाजूही घेतली आहे. अमेरिकेच्या प्रवासात झटका आलेल्या एका मधुमेही प्रवाशाचा दावा, स्टॅटिन घेत असल्याचे सांगितले नाही म्हणून कंपनीने नाकारला होता. त्याने मधुमेह आधीच जाहीर केला होता. 6 डिसेंबर 2021 रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्याच्या बाजूने दिला. पण त्यासाठी त्याला कैक वर्षे लढावे लागले.

पॉलिसी हातात आल्यावर पूर्वीच्या आजारांच्या रकान्यात काय छापले आहे ते वाचावे. अर्जात लिहिलेला आजार तिथे नसेल, तर लेखी दुरुस्ती मागावी. अटी पटल्या नाहीत, तर पॉलिसी परत करण्यासाठी 30 दिवस मिळतात. आरोग्य विमा सलग 60 महिने चालू राहिला की सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही. जीवन विम्यात विमा कायद्याच्या कलम 45 नुसार ही मुदत तीन वर्षांची आहे.