डंपमधून निघणाऱ्या बारीक मालाला माती म्हणायचं का? बायोमायनिंगची पार्श्वभूमी

आपल्याकडे जुन्या कचऱ्याचा डोंगर उकरून, चाळून त्यातला माल वेगळा करण्याला बायोमायनिंग म्हणतात, पण हा शब्द मुळात कचऱ्याचा नाहीच. खाणीतल्या हलक्या प्रतीच्या खनिजातून बॅक्टेरियाच्या मदतीने तांबं, सोनं काढतात त्याला हा शब्द होता, आणि आजही परदेशात कोणाला बायोमायनिंग म्हटलं तर त्याच्या डोळ्यासमोर तांब्याची खाण येते, कचऱ्याचा डोंगर नाही. कचरा उकरण्याच्या या कामाला ते लोक लँडफिल मायनिंग म्हणतात, लँडफिल म्हणजे कचरा पुरायची जागा. आपल्याकडे "बायो" चिकटलं कारण उकरलेल्या कचऱ्यावर कुजवणाऱ्या जंतूंचं कल्चर फवारायचं, त्याचे लांब ढीग लावायचे, दर आठवड्याला उलथायचे आणि मग चाळायचं अशी पद्धत बसली. वीस-पंचवीस वर्षं पडून असलेल्या कचऱ्यात कुजण्यासारखं बहुतेक सगळं आधीच कुजलेलं असतं, त्यामुळे तिथे फवारणी आणि उलथण्याचं खरं काम म्हणजे वास दबवणं आणि आत अडकलेला गॅस बाहेर काढून ढीग वाळवणं एवढंच उरतं. वरच्या ताज्या थरात मात्र फवारणी खरोखर लागते.

पहिला नोंदलेला प्रयोग 1953 चा, इस्रायलमध्ये तेल अवीवजवळचा. तिथे जागा मोकळी करायची नव्हती, फळबागांच्या रेताड जमिनीला भर घालायला सेंद्रिय माती हवी होती म्हणून जुना कचरा उकरून चाळला. नंतर 80 च्या दशकात फ्लोरिडातल्या एका काउंटीने तळाला अस्तर नसलेला लँडफिल उकरला, भूजलात घाण उतरत होती हे एक कारण आणि रोजच्या कचऱ्यावर पसरायला माती विकत आणावी लागते ती वाचवायची हे दुसरं. पुढे 90 च्या दशकात पेनसिल्व्हेनियात कचरा जाळून वीज करणाऱ्या प्लांटला माल कमी पडत होता म्हणून जुना कचरा उकरून ताज्यात मिसळून जाळला, आणि 1996 ला ताजा कचरा पुरेसा मिळायला लागला तसं उकरणं बंद केलं. म्हणजे तिन्ही ठिकाणी आधी कोणाला तरी माल हवा होता आणि मग उकरलं. आपल्याकडे उलटं झालं, आपल्याला जागा हवी होती आणि डोंगर नको होता, माल कुठे जाणार हा प्रश्न नंतर आला, आणि माझ्या मते पुढचा सगळा गुंता इथूनच सुरू होतो.

आपल्या घनकचऱ्याच्या 2000 च्या नियमांत जुन्या डंपबद्दल ठोस असं फार काही नव्हतं. त्या काळात मोठा डंप बंद करायचा म्हणजे उतार नीट करायचे, वर माती आणि प्लास्टिकचं आवरण घालायचं आणि गॅसला पाइप लावायचे, मुंबईत गोराईला असंच झालं. साधारण 20 हेक्टर जागा, डोंगर तसाच, वर हिरवळ. 2016 च्या नियमांनी क्रम बदलला. प्रत्येक जुन्या डंपची आधी तपासणी करा, बायोमायनिंगला वाव आहे का बघा, नसेल तर कॅपिंग करा, म्हणजे वरून आवरण घाला, असं त्यात आलं. त्याच वर्षी जानेवारीत देवनारला मोठी आग लागली होती, 2017 च्या सप्टेंबरमध्ये दिल्लीत गाझीपूरचा ढिगारा कोसळून माणसं गेली, त्यामुळे डोंगर झाकून ठेवायचा ही कल्पनाच लोकांना नकोशी झाली. मग 2018 मध्ये इंदूरने 100 एकरच्या जागेवरचा 13 लाख टनांच्या आसपासचा कचरा काही महिन्यांत हलवून दाखवला, 2019 ला जुन्या कचऱ्याबद्दल केंद्राची मार्गदर्शक सूचना आली, 2021 पासून स्वच्छ भारतच्या दुसऱ्या टप्प्यात पैसे आले. तिथून पुढे शहराशहरांत पोकलेन आणि ट्रॉमेल, म्हणजे फिरत्या गोल चाळण्या, दिसायला लागल्या.

आता काम कसं चालतं ते थोडक्यात. आधी ड्रोनने सर्व्हे करून डोंगराचं आकारमान काढतात, मग त्याला घनतेने गुणून टन काढतात. इथेच पहिली गडबड होते, कारण 1 लाख घनमीटर माल घनमीटरला 0.8 टन या घनतेने धरला तर 80 हजार टन आणि 1.2 ने धरला तर 1 लाख 20 हजार टन, आणि ठेकेदाराचं बिल टनावर निघतं. घनता खड्डे खणून, त्यातला माल काट्यावर तोलून काढायला पाहिजे, एका खड्ड्यावर नाही, जुना भाग, नवा भाग, बांधकामाच्या डेब्रिसचा भाग असे वेगवेगळे धरून. शिवाय डंप जमिनीच्या खाली किती गेलाय हे ड्रोनला दिसत नाही, त्याला बोअर मारावा लागतो.

मग वरून थर काढत यायचं, खालून पोखरायचं नाही कारण कडा घसरतात. माल दोन-अडीच मीटर उंचीच्या ढिगात वाळवायचा आणि चाळायचा. पहिली चाळणी 80-100 मिलिमीटरची, त्यावर राहतात चिंध्या, प्लास्टिक, टायर, मोठे दगड. मग मधली, मग शेवटची बारीक, ती कुठे 16 ची तर कुठे 6 किंवा 4 ची असते. मध्ये हवेच्या झोताने हलकं प्लास्टिक उडवतात, चुंबकाने लोखंड काढतात. ओल हा यातला खरा शत्रू. पावसाळ्यात माल चिकट होतो, चाळणीची भोकं बुजतात, आणि जी माती खाली पडायला हवी ती प्लास्टिकला लपेटून वर राहते. हे प्लास्टिक जळण म्हणून सिमेंटच्या भट्टीला जातं, आणि भट्टीने गाडी परत पाठवली तर बहुतेक वेळा कारण हेच असतं, राख जास्त, उष्मांक कमी. पीव्हीसीमुळे क्लोरीन जास्त हे दुसरं कारण. त्यामुळे पावसात मशीन चालू आहे हे बघून काम जोरात चाललंय असं समजू नये, बेल्टवरून पडणारं प्लास्टिक हातात घेऊन झटकावं, त्यातून मूठभर माती पडली तर माती आणि प्लास्टिक वेगळं झालेलंच नाही.

समजा 1 लाख टनांचा एक डंप घेतला, आकडे उदाहरणापुरते. 15 हजार टन ओल आणि कुजण्यात जाईल. 12 हजार टन प्लास्टिक-कापड भट्टीला. 20 हजार टन दगड, विटा, काँक्रीट भरावाला. 3 हजार टन काच, धातू आणि कशातच न बसणारा उरलेला माल. राहिले 50 हजार टन, आणि हा सगळा बारीक माल. प्रत्यक्षातही भारतातल्या बऱ्याच डंपमध्ये वजनाने निम्मा किंवा त्याहून जास्त माल बारीकच निघतो, कारण आपण डंपवर नुसता कचरा नाही टाकला, नाल्याचा गाळ, रस्ता झाडलेली धूळ, राख, डेब्रिस आणि आग विझवायला टाकलेली मातीपण टाकली. म्हणून बायोमायनिंगचा हिशोब प्लास्टिकवर ठरत नाही, या 50 हजार टनांवर ठरतो.

आणि याच मालाचं नाव आजवर कोणी नीट ठरवलेलं नाही. कागदोपत्री कुठे "बायो-अर्थ" लिहितात, कुठे "गुड अर्थ", कुठे "सॉइल", कुठे कंपोस्ट. अभ्यासक मात्र "मातीसारखा माल" म्हणतात आणि "सारखा" हा शब्द ते मुद्दाम ठेवतात. मला वाटतं तोच शब्द सगळ्यांनी वापरायला पाहिजे. कंपोस्टचा गोंधळ चाळणीमुळे झाला. शहरी कंपोस्टचा निकष सांगतो की 90 टक्के माल 4 मिलिमीटरच्या चाळणीतून गेला पाहिजे, मग 4 ची चाळणी लावली की निघालेला माल कंपोस्टच असं कोणीतरी गृहीत धरलं. पण त्याच निकषात किलोमागे शिसं 100 मिलिग्रॅम, तांबं 300, क्रोमियम 50 अशा मर्यादापण आहेत, आणि मिश्र कचऱ्याच्या डंपमध्ये बॅटरी, रंग, इलेक्ट्रॉनिक तुकडे, रस्त्याची धूळ सगळं एकत्र मुरलेलं असतं, तिथे तांबं, क्रोमियम, जस्त जास्त निघणं अगदी नेहमीचं. बारीक चाळल्याने धातू जात नाहीत, उलट बारीक कणांनाच ते जास्त चिकटतात. त्यात प्लास्टिकचे आणि काचेचे इतके बारीक तुकडे असतात की कुठलीच चाळणी त्यांना अडवत नाही. शेतात हा माल टाकणं म्हणजे 1953 च्या बागेची नक्कल करणं, पण तेव्हाचा कचरा वेगळा होता.

भरावाला वापरा म्हणणाऱ्यांचं ऐकायला हवं, ते पूर्ण चूक नाहीत, फक्त "माती आहे, टाका कुठेही" हे चूक आहे. नैसर्गिक मातीत सेंद्रिय भाग सहसा एक-दोन टक्के, या मालात पाच ते पंधरापर्यंत मिळालाय. म्हणजे तो अजून कुजणार, कुजला की खचणार, त्यामुळे वर इमारत किंवा जड रस्ता नको. क्षार भरपूर असतात, त्यातला सल्फेट काँक्रीट खातो आणि क्लोराइड सळई गंजवतो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे रंग. ही परीक्षा कोणीही करू शकतं, एक भाग माल, दहा भाग पाणी, दिवसभर हलवत ठेवा आणि गाळून घ्या. खरी माती असेल तर निवळलेलं पाणी जवळपास स्वच्छ दिसतं, डंपचा माल असेल तर चहासारखं गडद. तो रंग विरघळलेल्या सेंद्रिय आम्लांचा असतो. सखल जागेत, विहिरीशेजारी असा माल टाकला की पहिल्या दोन-तीन पावसांत तेच पाणी विहिरीत उतरतं.

धातूंबद्दल दोन बाजू आहेत. एक बाजू म्हणते एकूण धातू जास्त असले तरी पाण्यात उतरणारे कमी असतात, माल चाचणीत पास होतो. हे बऱ्याच नमुन्यांत खरं ठरतं, कारण धातू सेंद्रिय भागाला धरून बसलेले असतात. दुसरी बाजू म्हणते तो सेंद्रिय भाग कुजत गेला की धरणारं काय राहिलं? मला दुसरी बाजू जास्त पटते, निदान पिण्याचं पाणी जवळ असेल तिथे तरी. मधला मार्ग आहे आणि तो साधा आहे. माल डंपच्याच जागेवर किंवा शास्त्रीय लँडफिलवर आवरण म्हणून वापरायचा, नाहीतर बांधाच्या पोटात घालून खाली-वर चिकणमातीचा थर द्यायचा, पाण्याच्या पातळीपासून वर ठेवायचा. पण असं केलं तर डोंगराचा निम्मा माल जागेवरच राहतो, आणि "अमुक एकर जागा मोकळी" हा आकडा लहान होतो. म्हणून शहरं तो माल बाहेर पाठवायला बघतात, आणि गाड्या कुठल्या गावातल्या कुठल्या खड्ड्यात रिकाम्या झाल्या याची नोंद सापडत नाही. प्लास्टिक कुठल्या भट्टीत गेलं याच्या पावत्या असतात कारण भट्टीत काटा असतो. खड्ड्याला काटा नसतो.

2019 च्या सूचनेतही प्रक्रियेवर जेवढं लिहिलंय तेवढं या मालाच्या मर्यादांवर नाही, आणि निविदांमध्ये तर अनेकदा "माल विल्हेवाटीस पात्र" एवढं एक वाक्य असतं. अलीकडच्या काही निविदांत दर काही हजार टनांमागे एक नमुना, त्यात धातू, क्षार, सेंद्रिय भाग आणि पाण्याचा रंग, शिवाय जिथे माल टाकला त्या जागेचा नकाशा अशा अटी यायला लागल्यात. अजून त्या सगळीकडे नाहीत. तुमच्या शहरात काम चालू असेल तर निविदेचा कागद मागा आणि आधी हे शोधा की बारीक मालाचं नाव त्यात काय लिहिलंय, कंपोस्ट, माती की भराव, कारण चाचणी कुठली लागणार आणि गाडी कुठे जाणार हे त्या एका शब्दावरून ठरतं.