मृत्युपत्रावर साक्षीदार म्हणून सही केली होती, आता कोर्टाचं समन्स आलंय : पुढे काय?

मृत्युपत्र रजिस्टर केलेलं असलं तरी ते कोर्टात आपोआप सिद्ध होत नाही. त्यावर सही करणाऱ्या साक्षीदारांपैकी एक जरी हयात असेल आणि कोर्टात येऊ शकत असेल, तर त्याची साक्ष घ्यावीच लागते. म्हणूनच दहा-पंधरा वर्षांपूर्वी शेजारधर्म म्हणून केलेली सही आज बेलिफाला तुमच्या दारात आणते. तुमच्यावर कुणी दावा लावलेला नसतो. घाबरून समन्स नाकारलं तर मात्र अडचण तुमचीच होते.

समन्स हातात आल्यावर

आधी दाव्याचा नंबर, कोर्टाचं नाव, तारीख आणि वेळ बघा. समन्स फक्त साक्षीसाठी आहे की कागदपत्र हजर करण्यासाठीही, ते त्यातच लिहिलेलं असतं. नुसता कागद मागितला असेल तर तो दुसऱ्याच्या हातून कोर्टात पोचवला तरी चालतं. साक्षीसाठी मात्र स्वतःच जावं लागतं. समन्स काढणाऱ्या पक्षकाराने तुमचा प्रवासखर्च आणि एका दिवसाचा भत्ता कोर्टात भरायचा असतो. तो मागण्यात संकोच नको.

समजा, तासगावच्या एका द्राक्ष बागायतदाराने 2011 साली मृत्युपत्र केलं, त्यावर सही केलेला शेजारी आता पुण्यात राहतो आणि दावा सांगलीच्या दिवाणी कोर्टात चालू आहे. ‘एवढ्या लांबून बोलावता येत नाही,’ असं त्याला कुणीतरी सांगतं. कायद्यात अंतराची मर्यादा आहे खरी, पण रेल्वे किंवा एसटीसारखी सोय बहुतेक वाटेवर असेल तर ती 500 किलोमीटरपर्यंत जाते. पुण्याहून त्याला यावंच लागेल. अंथरुणाला खिळलेला असेल तर गोष्ट वेगळी. मग डॉक्टरांचा दाखला जोडून कमिशनमार्फत, म्हणजे कोर्टाने नेमलेल्या माणसामार्फत, घरीच साक्ष घेण्याचा अर्ज करता येतो. तो तारखेच्या आधी झालेला बरा.

गैरहजर राहिलात तर

समन्स बजावल्याचं सिद्ध झालं आणि सबळ कारण नसताना तुम्ही आला नाहीत, तर कोर्ट वॉरंट काढू शकतं, मालमत्ता जप्त करू शकतं, 5,000 रुपयांपर्यंत दंडही करू शकतं. वॉरंट निघालंच तर लपून राहू नका. हजर होऊन कारण पटवून दिलं की जप्ती उठवता येते.

लोक जास्त फसतात ते दुसऱ्या तारखेला. पहिल्या दिवशी साहेब रजेवर असतात किंवा समोरचे वकील मुदत मागतात, आणि साक्षीदार ‘आपलं झालं’ समजून गावी जातो. कोर्टाने मोकळं केल्याशिवाय तुमची जबाबदारी संपत नाही. पुढची तारीख रोजनाम्यावरून, म्हणजे कोर्टाच्या रोजच्या नोंदीवरून, स्वतः लिहून घ्या, दुसऱ्याच्या तोंडी निरोपावर राहू नका.

साक्ष कशी होते

पुकारा झाला की पिंजऱ्यात उभं राहून शपथ घ्यायची. आधी सरतपास होतो, म्हणजे ज्यांनी बोलावलं त्यांचे वकील विचारतात. मूळ मृत्युपत्र तुमच्या हातात दिलं जातं. मृत्युपत्र करणाऱ्याने त्याची सही तुमच्यासमोर केली का, किंवा ती आपलीच असल्याचं त्याने तुम्हाला सांगितलं का, आणि तुम्ही तुमची सही त्याच्यासमोर केलीत का, हा सगळ्या साक्षीचा गाभा. दुसरा साक्षीदार त्याच वेळी तिथे असलाच पाहिजे असं नाही. आठवत असेल ते सांगा.

मग उलटतपास. ‘मृत्युपत्रात काय लिहिलंय ते तुम्हाला माहीत नव्हतं ना?’ हा ठरलेला प्रश्न. माहीत नसेल तर ‘नाही’ म्हणा, साक्षीदाराला मजकूर माहीत असावाच लागत नाही. इथे शहाणपणा दाखवायला जाऊन ‘वाचला होता’ म्हणणारा पुढच्या चार प्रश्नांत अडकतो. ‘हे म्हणणं खरं नाही का, की सही कोऱ्या कागदावर घेतली?’ असा उलटसुलट प्रश्न आला तर नुसतं हो-नाही करू नका. ‘सही लिहिलेल्या कागदावर केली,’ असं पूर्ण वाक्य बोला. प्रश्न कळला नाही तर परत विचारायला सांगा. आठवत नसेल तर ‘आठवत नाही’ हे उत्तर चालतं. तुमची आठवण गेली तरी मृत्युपत्र दुसऱ्या पुराव्याने सिद्ध करता येतं. जाणूनबुजून खोटं बोलण्याला मात्र 7 वर्षांपर्यंत कैद आहे.

गरज पडली तर फेरतपास होतो, म्हणजे ज्यांनी बोलावलं त्यांचे वकील पुन्हा विचारतात, बहुधा दोन-तीन प्रश्न. टाईप झालेला जबाब सही करण्याआधी सावकाश वाचा. 2011 चं 2017 झालेलं असतं, ‘समोर’चं ‘नंतर’ झालेलं असतं. चूक तिथल्या तिथे न्यायाधीशांच्या नजरेस आणा, सही झाल्यावर ती दुरुस्त करणं अवघड जातं.

नोकरीत असाल तर निघताना हजेरीचा दाखला मागून घ्या. तो ऑफिसात रजेसाठी लागतो.