रॉकेलची चिमणी आणि स्पिरिटचा दिवा: उन्हात एक ज्योत दिसते, दुसरी का दिसत नाही

विदर्भातील खेड्यांत वीज पोहोचून बराच काळ झाला असला, तरी रॉकेलची चिमणी आणि कंदील ठाऊक नाही असे घर क्वचितच सापडेल. पिवळी ज्योत दिसली म्हणजे दिवा पेटलेला आहे आणि ती दिसेनाशी झाली म्हणजे दिवा विझला, ही समजूत आपल्या डोळ्यांत याच दिव्यांनी रुजवलेली आहे. शाळेच्या प्रयोगाच्या पेटीत असलेला स्पिरिटचा दिवा दिसायला या चिमणीचाच भाऊबंद वाटतो, कारण तेच काचेचे पोट, तीच सुती वात आणि वरून घालायचे तसेच टोपण. मात्र चिमणीवरून शिकलेला नियम या दिव्याला लावला, तर तो भर दिवसा हमखास चुकतो.

रॉकेलच्या ज्योतीचा पिवळा उजेड हा वायूचा उजेड नसतो. रॉकेलचे रेणू लांब असतात, त्यांत साधारणपणे दहा ते सोळा कार्बन अणूंची साखळी असते आणि वजनाने पाहिले तर त्याचा सुमारे ८५ टक्के भाग कार्बनच असतो. वातीवर वाफ झालेल्या या रेणूंना ज्योतीच्या आतल्या भागात पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही, त्यामुळे ते तुटतात आणि कार्बनचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. हे घन कण तापून पिवळे प्रकाशमान होतात, आणि आपल्याला जी ज्योत दिसते ती म्हणजे हेच तापलेले कण होत. जे कण पूर्ण जळत नाहीत, ते वर जाऊन भिंतीवर आणि कंदिलाच्या काचेवर काजळी म्हणून बसतात.

स्पिरिट म्हणजे मुख्यतः इथेनॉल, पिण्यालायक राहू नये म्हणून त्यात इतर द्रव्ये मिसळलेली असतात. इथेनॉलच्या रेणूत कार्बनचे अणू दोनच असतात आणि ऑक्सिजनचा एक अणू रेणूतच बसलेला असतो. वजनाने पाहिले तर कार्बन सुमारे ५२ टक्के आणि ऑक्सिजन सुमारे ३५ टक्के. अशा रेणूपासून काजळीचे कण फारच थोडे तयार होतात. मिथेनॉल या इथेनॉलच्याच जातीच्या अल्कोहोलच्या रेणूत कार्बनचा एकच अणू असल्यामुळे त्याच्या ज्योतीत ते जवळजवळ होतच नाहीत. कण नाहीत म्हणून पिवळा उजेडही नाही. मागे उरतो तो जळताना तुटणाऱ्या रेणूंच्या तुकड्यांतून बाहेर पडणारा मंद निळा प्रकाश, आणि इथेनॉलच्या बाबतीत ज्योतीच्या वरच्या टोकाला किंचित पिवळसर छटा. स्टीलची ताटली दोन्ही ज्योतींवर काही क्षण धरून पाहिली, तर रॉकेलवर ती काळी होते आणि स्पिरिटवर जवळजवळ स्वच्छ राहते. घरी दिव्यावर काजळ धरणाऱ्या आजीला यातील अर्धा भाग आधीपासून माहीत असतो.

आता उन्हाचा प्रश्न. कोणतीही ज्योत आपल्याला दिसते ती तिच्यामागच्या पार्श्वभूमीपेक्षा तिचा प्रकाश वेगळा उठून दिसतो म्हणून. अंधाऱ्या खोलीत स्पिरिटची निळी ज्योत स्वच्छ दिसते, आणि शिक्षकाने प्रयोगाची तालीम खिडक्या लावून केली असेल तर त्याला धोक्याची शंकाही येत नाही. एप्रिलमध्ये सकाळची शाळा असते, वर्गात उकडते म्हणून मुले व्हरांड्यात बसतात, समोर पांढरट भिंत आणि त्यावर दहा वाजताचे ऊन असते. त्या भिंतीवरून येणाऱ्या प्रखर प्रकाशात ज्योतीचा मंद निळा प्रकाश इतका अल्प ठरतो की डोळ्याला फरक जाणवत नाही. ज्योत पारदर्शक असल्यामुळे तिच्यातून पलीकडची भिंतही स्पष्ट दिसते.

या ठिकाणी एक गैरसमज दूर करणे मला अत्यंत आवश्यक वाटते. न दिसणारी ज्योत सौम्य नसते. स्पिरिटच्या ज्योतीतील वायू रॉकेलच्या ज्योतीतील वायूंइतकेच भाजू शकतात. फरक आहे तो उष्णता बाहेर कशी पडते यात. काजळीचे तापलेले कण उजेडाबरोबर उष्णताही चारी बाजूंना फेकतात, म्हणून चिमणीच्या बाजूला हात नेला तरी धग लागते. स्पिरिटच्या ज्योतीतून बाजूला फेकली जाणारी उष्णता बरीच कमी असते आणि बहुतेक उष्णता तापलेल्या वायूबरोबर सरळ वर जाते. त्यामुळे बाजूने हात नेणाऱ्याला ज्योतीच्या अगदी जवळ पोहोचेपर्यंत काही कळत नाही. धूर आणि रॉकेलसारखा वासही येत नाही. चिमणी आपल्याला उजेड, धग आणि धूर अशा तिन्ही मार्गांनी सावध करते. उन्हातला स्पिरिटचा दिवा यांपैकी एकही इशारा नीट देत नाही.

यातून अपघात कसा घडतो, हे एका प्रसंगावर टप्प्याटप्प्याने पाहू. आठवीच्या वर्गासमोर व्हरांड्यात परीक्षानळीतले पाणी तापवणे सुरू आहे. दिव्यात स्पिरिट थोडेच उरले होते, वाऱ्याची झुळूक येते, पाण्याची उकळी थांबते आणि पुढे बसलेला मुलगा म्हणतो, “सर, इझला वाटते जी.” सर वाकून पाहतात, ज्योत दिसत नाही, म्हणून ते वातीची टोपी उचलून बाटलीतून दिव्यात स्पिरिट ओततात. वात प्रत्यक्षात जळतच असते, केवळ ज्योत लहान झालेली आणि वाऱ्याने आडवी पडलेली असते. ओतल्या जाणाऱ्या धारेभोवतीची वाफ पेट घेते आणि आग धारेवरून बाटलीच्या तोंडाशी पोहोचते.

पुढे जे होते त्याचे कारण अर्ध्या भरलेल्या बाटलीच्या रिकाम्या भागात असते. इथेनॉलची वाफ हवेत साधारण ३.३ ते १९ टक्के असेल तेव्हाच ते मिश्रण पेटते. २० अंश सेल्सिअसच्या आसपास बंद बाटलीत द्रवावरच्या हवेत ही वाफ सुमारे ६ टक्के जमते, म्हणजे नेमकी पेटण्याच्या कक्षेत. त्याच तापमानाला रॉकेलच्या बाटलीतली वाफ पेटण्यास फारच कमी पडते. मे महिन्यातील ४५ अंशांत स्पिरिटच्या बंद बाटलीत वाफ उलट या कक्षेपेक्षाही जास्त होऊ शकते, पण ओतताना बाटलीत बाहेरची हवा शिरते आणि मिश्रण पुन्हा पेटण्याजोगे होते, म्हणून उन्हाळा कोणतेही संरक्षण देत नाही. बाटलीतले मिश्रण पेटले की आतला दाब वाढतो आणि जळते स्पिरिट तोंडातून पिचकारीसारखे बाहेर फेकले जाते. बाटलीचे तोंड दिव्याकडे, म्हणजे बहुधा मुलांच्या दिशेने असते. अमेरिकेतील डेन्व्हर शहरात २०१४ साली एका शाळेतील प्रात्यक्षिकात मिथेनॉलच्या मोठ्या बाटलीतून ओतताना अशीच ज्वाला सुमारे १२ फूट लांब गेली आणि एक विद्यार्थी गंभीर भाजला. ओतणाऱ्यापासून दोन पावले दूर बसवलेली मुले सुरक्षित असतात, हे मानणे म्हणूनच चूक आहे.

सॅनिटायझरमध्येही हेच किंवा याच जातीचे द्रव्य असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार त्यात ८० टक्के इथेनॉल किंवा ७५ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल असते आणि उरलेला भाग मुख्यतः पाणी असतो. पाणी मिसळले म्हणून ते पेटत नाही, ही समजूत सर्वत्र आढळते. प्रत्यक्षात सुमारे २० अंशांनाच त्यावर पेटण्याजोगी वाफ जमते, आणि आपल्याकडे वर्षातले बहुतेक दिवस तापमान यापेक्षा जास्त असते. पातळ असो की जेल, हाताला लागलेल्या थरावरची ज्योत बुटकी आणि फिकट निळी असते, ती दिसण्यापेक्षा आधी भाजते. सॅनिटायझर लावून २० ते ३० सेकंद हात चोळले आणि ते पूर्ण कोरडे झाले, तर मग चूल पेटवण्यात धोका नाही, हे मी मुद्दाम सांगतो, कारण विनाकारण भीतीही उपयोगाची नाही. धोका ओल्या हाताचा आहे, आणि त्याहून जास्त बाहीवर किंवा पदरावर सांडलेल्या सॅनिटायझरचा, कारण सुती कापड ते धरून ठेवते. जानेवारी २०२१ मधील ग्रामपंचायत निवडणुकांच्या वेळी मतदान केंद्रांवर सील करण्याची लाख वितळवण्यासाठी मेणबत्ती आणि सॅनिटायझरची बाटली अशा दोन्ही वस्तूंची गरज एकाच वेळी होती. अशा टेबलावर सॅनिटायझर सांडले, तर ते पुसून जागा कोरडी होईपर्यंत काडी ओढू नये. अल्कोहोलची वाफ हवेपेक्षा सुमारे दीडपट जड असल्यामुळे ती टेबलावरून खाली उतरून पसरते आणि सांडलेल्या जागेपासून दूरच्या ज्योतीपर्यंतही पोहोचू शकते.

मग दिवा खरोखर विझला आहे का, हे ओळखायचे कसे? डोळ्यांनी ज्योत शोधण्याऐवजी तिची उष्णता शोधावी. लांब चिमट्यात कोरड्या कागदाची पट्टी धरून ती वातीच्या वर न्यावी. ती काळी पडली किंवा पेटली, तर दिवा जळतो आहे. उन्हात आणखी एक खूण मिळते, ती म्हणजे सावली. तापलेली हवा प्रकाश वाकवते, म्हणून दिव्यामागे, ऊन येते त्याच्या विरुद्ध बाजूला पांढरा कागद उभा धरल्यास त्यावर वातीच्या वर थरथरणारी पुसट सावली दिसते, ज्योत दिसत नसली तरी. मुलांना ही सावली दाखवणे हा स्वतंत्र प्रयोगच आहे. याशिवाय दिवा सावलीत, काळ्या फळ्यासमोर ठेवावा. विझलेल्या, थंड दिव्याच्या वातीला मिठाचे पाणी लावून ती वाळवली, तर ज्योत सोडियममुळे पिवळी होते आणि सहज नजरेत येते. ज्या प्रयोगात ज्योतीचा रंगच पाहायचा असतो, तिथे मात्र हा उपाय चालत नाही.

खूण काहीही मिळो, ओतण्यापूर्वी दिव्यावर टोपण घालावे, एकदा उचलून पुन्हा घालावे आणि काच हाताला थंड लागेपर्यंत थांबावे. फुंकर मारून दिवा विझवू नये, कारण ज्योत आत ढकलली जाऊ शकते. स्पिरिट नरसाळ्याने, दोन तृतीयांशापर्यंतच भरावे आणि काडी ओढण्यापूर्वी बाटलीला बूच लावून ती दुसऱ्या खोलीत ठेवावी.

आग लागलीच, तर इथेही दोन्ही द्रव्यांचे वागणे उलट आहे. रॉकेल पाण्यावर तरंगते, म्हणून पाणी टाकल्यास आग पसरते. अल्कोहोल पाण्यात पूर्ण मिसळते, म्हणून भरपूर पाणी तिथे खरोखर उपयोगी पडते, पण ग्लासभर पाण्याने भागत नाही. निम्मे पाणी मिसळलेले इथेनॉल सुमारे २४ अंशांनाच पेटू शकते, आणि २० टक्क्यांवर आणलेले मिश्रणही ३६ अंशांच्या आसपास, म्हणजे मे महिन्यातील दुपारच्या हवेपेक्षा कमी तापमानाला. कपड्याने पेट घेतला असेल, तर ज्योत दिसत नाही म्हणून थांबू नये. त्या व्यक्तीला आडवे करून बादलीभर पाणी ओतत राहावे आणि कापडाला पूर्ण थंडावा येऊन त्यावरून गरम हवा उठणे बंद होईपर्यंत ते चालू ठेवावे.